मदत हवी आहे: मोठ्या निविदेचे विभाग पाडून सारांश करताना कलमांचे परस्परसंदर्भ कसे टिकवावेत?

निविदाकक्ष
नमस्कार. मी एका बांधकाम कंपनीच्या निविदा विभागात काम करतो. सध्या हाताशी पाणीपुरवठा प्रकल्पाची, जागतिक बँकेच्या साच्यावर बेतलेली, सुमारे सहाशे पानांची इंग्रजी निविदा आहे. बोली भरायची की नाही हे ठरवण्यासाठी संचालकांना पंधरा-वीस पानांचा सारांश द्यायचा असतो. आमचे एआय मॉडेल कंपनीच्याच संगणकावर चालते आणि एका वेळी साधारण चाळीस पानेच नीट हाताळते, म्हणून मी पीडीएफचे तेवढ्या-तेवढ्या पानांचे भाग करून प्रत्येकाचा सारांश घेतो आणि शेवटी ते सारांश एकत्र करून पुन्हा संक्षिप्त करतो.

अडचण एका उदाहरणाने सांगतो. सर्वसाधारण अटींतील कलम ८.७ विलंबाच्या नुकसानभरपाईचे आहे. ही भरपाई कलम २.५ च्या अधीन राहून द्यायची आहे, आणि तिचा दर व कमाल मर्यादा ‘कंत्राट तपशील’ या तक्त्यात दिलेली आहे, असे ते कलम म्हणते. तो तक्ता दीडशे पाने पुढे आहे, आणि दुसऱ्या शुद्धिपत्रकाने त्यातला दर दिवसाला ०.०५ टक्क्यांवरून ०.१ टक्के केला आहे. अंतिम सारांशात मात्र ०.०५ टक्केच आले आणि ‘२.५ च्या अधीन’ हे शब्द गळून पडले. भाग कसे पाडावेत म्हणजे असे होणार नाही?

सह्याद्रीकर
निविदेचे भाग पाडणे मुळातच नियमाला धरून नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये, स्पर्धात्मक निविदा टाळण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे करू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडे अशा प्रकरणात लेखापरीक्षणाचे आक्षेप आले होते आणि खुलासे देता देता पुरेवाट झाली. आपण वरिष्ठांची लेखी मंजुरी घेतली आहे का?

निविदाकक्ष
सह्याद्रीकर साहेब, कामाचे तुकडे करायचे नाहीत. निविदेचा दस्तऐवज वाचण्यासाठी विभागायचा आहे. आम्ही बोली भरणाऱ्यांच्या बाजूचे आहोत.

चौकट
प्रत्येक भागात आधीच्या भागाची दोन-तीन पाने पुन्हा घ्यावीत, म्हणजे दुवे तुटत नाहीत. आम्ही कार्यालयीन अहवालांसाठी असेच करतो आणि उत्तम चालते.

अनुसूची
चौकट यांचा उपाय अहवालांना लागू पडतो, कारण अहवालात एका परिच्छेदाचा संबंध बहुधा शेजारच्याच परिच्छेदाशी असतो. सीमेवर कापले गेलेले वाक्य त्याने वाचते, हे खरे. पण निविदेत ८.७ चा संबंध शेजारच्या ८.६ पेक्षा दीडशे पाने दूरच्या तक्त्याशी अधिक आहे, आणि तिथपर्यंत दोन-तीन पानांची पुनरावृत्ती पोहोचणार नाही.

मी हे काम करताना पानांवर कापत नाही, कलमांवर कापतो. एक पूर्ण कलम, त्याच्या सर्व पोटकलमांसह आणि परंतुकांसह, हा सर्वांत लहान तुकडा. तो चार ओळींचा निघो वा सहा पानांचा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो खंड, विभाग आणि कलमाचे शीर्षक लिहितो आणि त्याला स्वतःची खूण देतो. ही खूण नुसत्या क्रमांकाची चालत नाही. या साच्यात बोलीदारांना सूचनांचे कलम ४ पात्रतेचे आहे आणि सर्वसाधारण अटींचे ४.२ कार्यपूर्तीच्या हमीचे आहे, त्यामुळे नुसते ‘४.२’ लिहिले तर मॉडेल बिनदिक्कत एकातली अट दुसऱ्यात घालते. म्हणून ITB-4.2 आणि GCC-4.2 अशा वेगळ्या खुणा द्याव्यात.

त्यानंतर, सारांशाला हात लावण्यापूर्वी, संदर्भांची यादी काढावी. त्यासाठी मॉडेलची गरज नाही:

```
pdftotext -layout tender.pdf tender.txt
grep -noE '(Sub-)?[Cc]lause +[0-9]+(\.[0-9]+)*' tender.txt
```

‘Clauses 4.2 and 4.5’ अशी जोडी, किंवा शब्द एका ओळीत आणि क्रमांक दुसऱ्या ओळीत असेल तर तो संदर्भ, या आज्ञेतून निसटतो. तेवढे डोळ्यांनी पाहावे लागते. ‘कंत्राट तपशीला’चे उल्लेख तर तिच्यात येणारच नाहीत, त्यांचा वेगळा शोध घ्यावा. त्यातून ‘कोणते कलम कोणाकडे बोट दाखवते’ असा दोन रकान्यांचा तक्ता तयार होतो, आणि ८.७ चा सारांश मागताना त्या तक्त्यानुसार २.५ चा आणि कंत्राट तपशिलातील संबंधित ओळींचा मूळ मजकूर सोबत जोडता येतो. जोडायचा तो मूळ मजकूरच, त्याचा सारांश नव्हे. मी एका पायरीपलीकडे जात नाही; २.५ पुढे जिकडे बोट दाखवेल तेही जोडू लागलो, तर अर्धी निविदा पुन्हा एका तुकड्यात येते.

निविदाकक्ष
आणि शुद्धिपत्रके? ती स्वतंत्र फायलींत आहेत, शिवाय एक स्कॅन केलेले आहे.

अनुसूची
शुद्धिपत्रकाचा स्वतंत्र तुकडा कधीही करू नये. केला, तर मॉडेलपुढे दोन दर येतात आणि कोणता नंतरचा हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. आधी प्रत्येक शुद्धिपत्रकाची ओळ ज्या कलमाला लागते त्या तुकड्यात बदल उतरवावा, आणि जुना मजकूर ‘दुसऱ्या शुद्धिपत्रकाने रद्द’ अशा शेऱ्यासह खाली ठेवावा. स्कॅनमधील आकडे मात्र माणसानेच टंकावेत. अक्षर ओळखताना एक दशांशचिन्ह गळले, की ०.१ चे ०१ होते.

सारांशाच्या सूचनेत मी एवढेच लिहितो, की प्रत्येक विधानापुढे त्याची खूण द्यावी आणि ‘अधीन’, ‘वगळता’, ‘अन्यथा नमूद नसल्यास’ यांसारख्या अटी गाळू नयेत. ८.७ साठी आता अपेक्षित सारांश असा: ‘विलंबाची भरपाई प्रतिदिन ०.१ टक्के [कंत्राट तपशील, दुसऱ्या शुद्धिपत्रकानुसार]. नियोक्त्याने कलम २.५ प्रमाणे सूचना व तपशील देण्याच्या अधीन [GCC-8.7, GCC-2.5].’ ते ‘अधीन’ राहिले नाही, तर नियोक्ता सूचनेशिवाय रक्कम कापू शकतो असा समज होतो आणि जोखमीचा अंदाजच बदलतो. कमाल मर्यादेची ओळही याच पद्धतीने यावी.

तपासणी दोन बाजूंनी करावी. सारांशातली प्रत्येक खूण आणि प्रत्येक आकडा त्या तुकड्यात, किंवा सोबत जोडलेल्या मजकुरात, अक्षरशः सापडला पाहिजे. आणि तक्त्यातला प्रत्येक संदर्भ सारांशात उतरला आहे किंवा जाणीवपूर्वक सोडला आहे, हे दिसले पाहिजे. दुसरी बाजू लोक टाळतात, आणि खरे नुकसान तिथेच होते, कारण गळलेली गोष्ट डोळ्यांना खुपत नाही.

शेवटी सारांशांचा पुन्हा सारांश करणे मी सोडले आहे. खुणा बहुतेक त्याच पायरीत नाहीशा होतात. कलमवार सारांश विषयानुसार एकत्र लावावेत आणि संचालकांची पाने त्यातून स्वतः लिहावीत.

चौकट
हे पटले. पण तक्त्यांचे काय? आमच्याकडे दरपत्रकाचा तक्ता दोन पानांत विभागला गेला, की दुसऱ्या पानावर रकान्यांची नावे नसतात आणि प्रमाण व दर यांची अदलाबदल होते.

अनुसूची
शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावरच्या भागाला पुन्हा जोडावी आणि तक्त्याखालच्या टिपा तक्त्यापासून तोडू नयेत. बीओक्यूचा सारांश मात्र मी मॉडेलकडून घेतच नाही. तिथे स्प्रेडशीट बरी.

निविदाकक्ष
पद्धत समजली, आज कंत्राट तपशिलापासून सुरुवात करतो. एक शंका उरते. तांत्रिक विनिर्देशांत ‘इतरत्र नमूद केल्याप्रमाणे’ किंवा ‘नकाशात दाखवल्याप्रमाणे’ असे क्रमांक नसलेले संदर्भ पुष्कळ आहेत. ते कसे पकडावेत?

अनुसूची
त्यांना माझ्याकडे पक्का उपाय नाही. असे शब्द शोधून त्यांची वेगळी यादी करतो आणि सारांशात ‘संदर्भ निश्चित नाही’ असे लिहितो. मुदत उरली असेल, तर त्यांतले किमतीवर परिणाम करणारे प्रश्न प्री-बिड बैठकीसाठी पाठवतो.

सह्याद्रीकर
प्रश्न आता नीट कळला. पण प्री-बिडमध्ये असे प्रश्न विचारले, की तुमच्या शंका सर्व स्पर्धकांना समजतात, कारण उत्तरे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. मी कार्यालयात असताना मुरलेले ठेकेदार अशा जागी गप्प बसत आणि दरातच तरतूद करून ठेवत.

अनुसूची
तेही खरे. पण किती तरतूद ठेवायची हे ठरवायलाही ती यादी लागतेच.