मदत हवी आहे: C7H6ClNO2 चा डीबीई 5 येतो, पण माझ्या स्ट्रक्चरमध्ये 6 भरतात

एमएस्सी_पार्ट१: नमस्कार मंडळी, ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला एक अननोन मिळालाय, फिकट पिवळा सॉलिड, फॉर्म्युला सरांनीच दिलाय C7H6ClNO2. सोडियम फ्युजनमध्ये नायट्रोजन आणि क्लोरीन दोन्ही आले. सोडियम बायकार्बमध्ये विरघळत नाही, बुडबुडेही नाहीत. आयआरमध्ये 1520 आणि 1350 ला दोन दणदणीत बँड आहेत, 1700 च्या आसपास काहीच नाही, 3200 च्या वरही सपाट. म्हणजे नायट्रो असणार असं मी धरलं. आता डीबीई काढला, 2×7+2 म्हणजे 16, नायट्रोजनचा एक मिळवून 17, त्यातून 6 हायड्रोजन आणि 1 क्लोरीन वजा, राहिले 10, भागिले दोन, 5. पण बेंझिन रिंगचे 4 आणि नायट्रोमध्ये O=N=O असे दोन डबल बाँड, मिळून 6 होतात की! मग सूत्र चुकतंय की नायट्रो नाहीये? व्हायवा सोमवारी आहे.

घाणेवाला: अनसॅच्युरेशन काढायचं तर आयोडीन व्हॅल्यू घे ना सरळ, विज सोल्यूशन टाकायचं, अंधारात ठेवायचं आणि थायोने टायट्रेट करायचं. आमच्याकडे शेंगदाणा, सूर्यफूल सगळं त्यावरच चालतं.

जुना_मास्तर: घाणेवाले, ते तुमच्या तेलाला ठीक आहे, इथे नाही चालायचं. आयोडीन व्हॅल्यूला तेलातले कार्बन-कार्बन डबल बाँड दिसतात, बेंझिन रिंग त्या रिएजंटला दाद देत नाही, आणि एस्टरचं C=O तर तुमच्या तेलातही असतंच पण ते तिथे मोजलं जात नाही. डीबीईमध्ये मात्र रिंग, C=C, C=O, C=N सगळं एकाच गोणीत येतं, कुठलं काय ते गोणी सांगत नाही.

टीवाय_केमिस्ट्री: अरे सोप्पं आहे, सूत्रात नायट्रोजन तीन संयुजेचा धरलाय म्हणून घोळ होतोय. नायट्रोमध्ये तो पाचचा असतो, म्हणून नायट्रोजनचा एक न मिळवता तीन मिळव. 14+2+3−6−1 म्हणजे 12, भागिले दोन 6. जुळलं!

जुना_मास्तर: हिशोब जुळतो, खोटं नाही. पण तीन मिळवायला तुला आधीच माहीत पाहिजे की तो नायट्रो आहे, आणि डीबीई तर स्ट्रक्चर माहीत नसताना काढायचा असतो. याच फॉर्म्युल्याचं अमिनो-क्लोरोबेंझोइक ॲसिडही आहे, तिथे NH2 आणि COOH. त्याला तुझं 6 लावलंस तर रिंगचे 4, C=O चा 1, आणि उरलेला एक शोधत बसशील, जो नाहीच.

म्हणून नायट्रोजन कायम तीनचाच धरायचा. आणि नायट्रो पाच बाँडचा काढायचाच नाही, नायट्रोजनवर प्लस, एका ऑक्सिजनवर मायनस, तिथे सिंगल बाँड, दुसऱ्या ऑक्सिजनला डबल. नायट्रोजनने एक बाँड जास्त केला, ऑक्सिजनने एक कमी केला, फिट्टंफाट. नायट्रोचा डीबीई एकच. 4+1=5, पार्ट१ तुझा नायट्रो शाबूत आहे.

बाकी मिळवणं-वजा करणं पाठ करायची गरज नाही. मिथेन CH4, क्लोरीन आला की CH3Cl, म्हणजे एका हायड्रोजनची जागा त्याने घेतली, म्हणून त्याला हायड्रोजनसारखंच मोजायचं. मिथिलअमाइन CH5N, नायट्रोजन आला की एक हायड्रोजन जास्त मावतो. मिथेनॉल CH4O, ऑक्सिजनने काहीच बदललं नाही, म्हणून तो हिशोबातच नाही.

एमएस्सी_पार्ट१: ओह, म्हणजे स्ट्रक्चर काढायची पद्धतच नडत होती. धन्यवाद सर. पण मग 5 वरून मला नक्की कळलं काय? ॲसिड पण 5, नायट्रो पण 5.

जुना_मास्तर: 5 वरून काय आहे त्यापेक्षा काय नाही ते जास्त पक्कं कळतं. सात कार्बनला इतके कमी हायड्रोजन म्हणजे पहिली पैज बेंझिन रिंगवर, पण ती पैजच, आयआरमध्ये 1600 चा आणि 3000 च्या जरा वरचा बँड बघून खात्री कर. रिंग धरली की हातात उरला फक्त एक. नायट्राइलला दोन लागतात, म्हणून सायनाइड बाद, आयआर न बघता बाद. नायट्रो आणि C=O दोन्ही एकदम असणंही बाद. उरलेला एक नायट्रोचा की COOH चा हे तुझ्या बायकार्बने आणि 1520-1350 च्या जोडीने सांगितलं, डीबीईने नाही.

फार्माताई: मध्येच घुसते, पण हे नायट्रोजन-क्लोरीन एकत्र दिसले की मला धडकीच भरते. आमच्याकडे ट्रेनिंगला आलेल्या मुलाने लिडोकेनच्या लेबलवरचा C14H23ClN2O घेतला आणि डीबीई 4 काढला, मग म्हणे नुसती बेंझिन रिंग, C=O नाही. अरे पण लिडोकेनमध्ये अमाइड आहे! तो हायड्रोक्लोराइड होता, HCl बाहेरून चिकटलेला. HCl काढून C14H22N2O घेतला की 5 येतो, रिंग आणि अमाइड दोन्ही बसतात. मास स्पेक्ट्रममधल्या 235 च्या पीकचा फॉर्म्युला घातला तर 4.5 येतो, कारण तिथे एक प्रोटॉन जास्त आहे.

टीवाय_केमिस्ट्री: पण अपूर्णांक आला म्हणजे फॉर्म्युला चुकीचा असं आम्हाला शिकवलंय.

फार्माताई: न्यूट्रल रेणूला खरं आहे ते. आयनला अर्धा येऊ शकतो. आणि सॉल्टचा त्रास असा की तिथे अपूर्णांक येतच नाही, व्यवस्थित पूर्णांक येतो, फक्त एकने कमी, म्हणून कोणाला संशय येत नाही. अगदीच छोटा रेणू असेल तर उघडं पडतं, मिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड CH6ClN ला उणे एक येतो. पार्ट१, तुझा पण सॉल्ट नाही ना?

जुना_मास्तर: सॉल्ट असता तर HCl वजा करून C7H5NO2 उरला असता, डीबीई 6. आणि अमाइनचं सॉल्ट 3200 च्या वर नाही तरी 3000 च्या खाली रुंद पसरलेलं दिसतं. खरा पेच वेगळाच आहे. क्लोरीन कुठे आहे? क्लोरोनायट्रोटोल्युइन असेल तर क्लोरीन रिंगवर, नायट्रोबेंझिल क्लोराइड असेल तर तो CH2 वर. दोघांचा फॉर्म्युला हाच, डीबीई हाच, आयआर जवळपास तोच, आणि सोडियम फ्युजन दोन्हींचा क्लोरीन उपटून काढतो.

टीवाय_केमिस्ट्री: अल्कोहोलिक सिल्व्हर नायट्रेट टाक, बेंझिल असेल तर लगेच पांढरा साका.

जुना_मास्तर: साध्या बेंझिल क्लोराइडला लगेच. इथे पॅराला नायट्रो बसला असेल तर तो कार्बोकॅटायन होऊच देत नाही, थंडीत काही आलं नाही म्हणून रिंगवरचा क्लोरीन असा निकाल देऊ नकोस. ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड घे, ती रिॲक्शन दुसऱ्या वाटेने जाते आणि तिथे नायट्रो उलट मदतच करतो, सोडियम क्लोराइडचा साका पडेल. हे हूडखाली कर हो, नायट्रोबेंझिल क्लोराइड डोळ्याला आणि कातडीला झोंबतो.

एमएस्सी_पार्ट१: सोडियम आयोडाइड आमच्या शेल्फवर आहे का बघतो. मेल्टिंग पॉइंट 63 ते 66 आला काल, धागा टाकताना लिहायचा राहिला.

फार्माताई: पॅरा-नायट्रोबेंझिल क्लोराइड 71 च्या आसपास. ओला असेल तर खाली येईल.

जुना_मास्तर: 2-क्लोरो-4-नायट्रोटोल्युइनही साठीच्या घरातच आहे. नीट वाळवून परत घे. एनएमआर मिळाला तर भांडण मिटेल, 2.5 जवळ तीन हायड्रोजन की 4.6 जवळ दोन.

एमएस्सी_पार्ट१: एनएमआरचं मशीन बंद आहे सर, व्हायवाच्या आत काही मिळत नाही.