रेल्वे आणि गर्दीचा बाजार: कॅरिअर की स्ट्रोलर?

ओवीची_आई
बाळ सात महिन्यांचं, वजन आठ किलो. आठवड्यातून तीनदा रेल्वे, मधे एकदा गाडी बदलायची आणि उतरल्यावर बाजारातून वाट काढायची. बहुतेकदा बाळ आणि मी, दोघीच. दोन्हींपैकी एकच घ्यायचं आहे. काय घेऊ?

दिगंत
स्ट्रोलर. आठ किलो अंगावर वागवून पाठ जाईल. एका हाताने मिटणारा घ्या, गाडी आली की मिटायचा.

निरंजना
मिटतो एका हाताने, पण त्याआधी बाळाला बाहेर काढावं लागतं. मग एका हातात बाळ, दुसऱ्यात स्ट्रोलर, आणि डब्याची दांडी धरायला हातच उरत नाही. न मिटता चढवायला जावं तर पुढची छोटी चाकं फलाटाच्या फटीत अडकतात. बाजारात हँडलला भाजीची पिशवी अडकवली असेल, तर बाळाला उचलताच तो मागे कलंडतो. तुम्ही एकट्या असता, म्हणून कॅरिअरच घ्या.

पाठ दुखते ती बहुधा बांधणी चुकल्यामुळे. आधी कंबरपट्टा घट्ट बांधायचा, कमरेच्या हाडांवर टेकेल असा. तो खाली सरकला की सगळं वजन खांद्यांवर येतं. मग बाळ बसवा. गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर हवेत आणि आसनाचा आधार दोन्ही मांड्यांखाली गुडघ्यापर्यंत पोहोचायला हवा. खांद्याचे पट्टे शेवटी ओढा. आता बाळाच्या पाठीला हात लावून किंचित पुढे वाका. बाळ छातीपासून सुटलं तर पट्टे ढिले आहेत.

सावली
तोंड पुढे करून बसवा. सगळं दिसतं, मग मुलं रडत नाहीत.

निरंजना
मान पक्की धरली असेल आणि कॅरिअर तसा वापरायला बनवलेला असेल, तर थोडा वेळ चालेल. पण गर्दीला, गोंगाटाला कंटाळलं तर त्याला तोंड लपवायला जागा नसते, आणि झोप लागली की डोकं पुढे पडतं. डुलक्या सुरू झाल्या की आत वळवा.

मृण्मयी७
आमचं तीन आठवड्यांचं आहे, दिवस भरण्याआधी झालेलं. त्यालाही हेच घेऊ ना?

निरंजना
तुमचा प्रश्न निराळा आहे, ताई. आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा. इतक्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडू शकतो आणि ते आवाजही करत नाही. हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत, नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे, त्यावर ओढणी नको.

ओवीची_आई
गाडीत बसायला मिळालं आणि बाळ कॅरिअरमध्येच झोपलेलं असलं तर? काढू की राहू दे?

दिगंत
राहू द्या. उठवलं तर पुढचा सगळा प्रवास रडण्यात.

निरंजना
मी काढून मांडीवर घेईन. बसल्यावर कंबरपट्टा वर सरकतो, बाळ दुमडतं, शिवाय दोन अंगांची ऊब एकत्र होते. राहू द्यायचंच असेल तर ताठ बसा, हनुवटी सारखी बघत राहा आणि मानेमागे हात लावून घाम आलाय का ते तपासा.

दिगंत
अर्ध्या तासाच्या प्रवासाला एवढं नको. तासाभराचा असेल तर काढा, हे पटतं.