मॅच लांबली की पोटरीत गोळा: तुमचे अनुभव सांगा

कीपरभाऊ: एप्रिलातली गोष्ट, क्लबची 50 ओव्हरची मॅच, सकाळपासून पूर्ण कीपिंग केली अन् मग ओपनिंगले गेलो. 28व्या ओव्हरले दुसऱ्या रनसाठी वळलो तसा उजव्या पोटरीत असा गोळा आला की तिथंच बसलो, थोड्या वेळानं डावीतही. पाणी तर पिऊनच राहिलो होतो, मग काऊन आला?

केळीवाला: पोटॅशियम कमी पडलं भाऊ, केळी खा. मी हाफटाइमले दोन खातो, पेटका येत नाही.

मैदानावरची फिजिओ: केळं खायला चांगलं आहे, पण घामातून पोटॅशियम थोडंच जातं, जास्त जातं ते मीठ. कीपरभाऊ, मॅचच्या आधी आणि इनिंग संपल्यावर वजन केलं होतं का?

कीपरभाऊ: हो, 74 होतं, नंतर 72. मधात दीड लिटर पाणी पेलो. टोपीवर पांढरे डागही होते.

मैदानावरची फिजिओ: म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास घाम गेला आणि भरपाई झाली निव्वळ पाण्याची, मीठ गेलं ते गेलंच. पण नुसतं मीठच कारण असतं तर अंगभर पेटके यायला हवे होते ना, तुमच्या पोटऱ्याच का धरल्या? कारण तीनशे वेळा उठाबशा त्यांनीच काढल्या. थकलेल्या स्नायूला आकसायचा हुकूम जोरात जातो आणि सैल सोडणारा इशारा मंदावतो. म्हणूनच गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा हळूहळू अंगाकडे ओढून धरला की अर्ध्या-एक मिनिटात गोळा सुटतो, ताणल्यानं काही मीठ वाढत नाही. दोन्ही कारणांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

रातपाळी: मले तर झोपेत येतो, तोही क्रिकेटनंच का?

मैदानावरची फिजिओ: ते प्रकरण वेगळं आहे दादा, बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

लोणचंप्रेमी: आमचा कोच लोणच्याचं खारं पाणी घोटभर देते, लगेच फरक पडते.

मैदानावरची फिजिओ: 2010 च्या एका प्रयोगात तसंच दिसलं, साध्या पाण्यापेक्षा पेटका लवकर सुटला आणि तेव्हा रक्तातलं मीठ बदललेलंही नव्हतं. घशातूनच नसांना काही इशारा जात असावा, असा अंदाज आहे. पण तहान नसताना लिटरवर लिटर साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेततं. आणि पेटक्यासोबत कोणी बरळायला लागला, तोल जायला लागला तर ताणत बसू नका, अंगावर थंड पाणी ओता, बर्फ लावा आणि दवाखान्यात फोन करा.

कीपरभाऊ: काल परत मॅच होती. एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट टाकून दर ड्रिंक्सले पेलो, अन् ओपनिंगऐवजी पाचव्या नंबरवर गेलो. 44व्या ओव्हरपर्यंत काहीच नाही, मग उजवी पोटरी फडफडली, थांबून ताणली, खेळलो. आता ओआरएसनं फरक पडला का दोन तास बसलो त्यानं, तेच समजून नाही राहिलं.