मदत हवी आहे : राज्यसेवेचा बेत अजून योग्य आहे का, हे दरवर्षी कशावरून तपासता?

सिव्हिलवाला_पुणे : वय 27, बी.ई. सिव्हिल, पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. दर वर्षी निकालानंतर 'आणखी एकदा बघू' एवढंच ठरतं. यंदा मोजून ठरवायचं आहे. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात मागच्या वेळी 78 प्रश्न सोडवले, 51 बरोबर, गुण 88.5. यंदा 92 सोडवले, 56 बरोबर, गुण 94. माझ्या प्रवर्गाचा कट-ऑफ मात्र दोन्ही वेळा साधारण 15 गुणांनी लांब राहिला. ही प्रगती धरायची का?

मोगरा : आमच्याकडे अप्रेझल एप्रिलमध्ये असतं. वर्षभर केलेल्या कामाची फाईल ठेवा, मॅनेजरसमोर उपयोग होतो.

सिव्हिलवाला_पुणे : ताई, मी नोकरीत नाही, परीक्षेबद्दल विचारतोय.

रात्रअभ्यासिका : रोजचे तास लिहा. दहा तास भरत असतील तर बेत बरोबर चाललाय. आणि गुण कट-ऑफशी ताडून बघा, नुसते वाढले म्हणून खूश होऊ नका.

तालुका_कचेरी : दुसरं म्हणणं पटलं, तासांचं नाही. वाचनालयात बसलेले तास गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

तुमचे आकडे नीट पाहा. यंदा 14 प्रश्न जास्त सोडवलेत. त्यातून बरोबर उत्तरं वाढली पाच, चुकीची नऊ. एका प्रश्नाला 2 गुण आणि चुकीला पाव वजावट, म्हणजे 10 उणे 4.5. वाढलेले 5.5 गुण एवढ्यातच संपले. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी 14 पैकी तीन-चार बरोबर येतात. म्हणजे वाढला तो बहुधा धोका पत्करण्याचा धीर, अभ्यास फारसा नाही.

यापुढे प्रत्येक सराव पेपरात उत्तराशेजारी खूण करा : खात्रीचं, दोनांत अडकलेलं, अंदाजाचं. खात्रीची किती आणि त्यातली बरोबर किती, हाच तुमचा टप्पा. सहा महिन्यांत तो आकडा हलला नाही, तर अभ्यासाची पद्धत बदलायची.

आढाव्याची तारीख परीक्षेला बांधू नका. परीक्षा पुढे ढकलली की निर्णयही ढकलला जातो. खुल्या प्रवर्गाला 38 पर्यंत अर्ज करता येतो, आयोग तुम्हाला थांबवणार नाही. 1 जून धरा, आणि 'एवढा फरक राहिला तर नोकरीचे अर्ज सुरू' हे निकालाआधी घरच्यांसमोर लिहून ठेवा. नंतर ठरवलं की मन आकडा सरकवतं.

घाटमाथा : मी 29 व्या वर्षी साईटवर परतलो. गुण सुधारत होते, पण महसूल खात्यातलं काम प्रत्यक्ष पाहिलं आणि ते नको वाटलं. ते कुठल्या आकड्यात बसवणार?

तालुका_कचेरी : बसत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा एखाद्या तहसील कार्यालयात दिवसभर बसून यावं, एवढंच सांगू शकतो.

सिव्हिलवाला_पुणे : खुणांची पद्धत या रविवारच्या पेपरपासून सुरू करतो. पण मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. पूर्वच पार झाली नाही, तर लेखनाचा टप्पा कसा ठरवू? आठवड्याला किती उत्तरं तपासून घेता तुम्ही लोक?