उत्तर: रील काढलेली नाही, तरी रीच का घसरला?

> "रील प्रोफाइलवर दिसते, कुठली नोटीस नाही, पण नवीन लोकांपर्यंत जातच नाही. असं का?"

इन्स्टाग्रामवर नियमांचे दोन थर आहेत. पहिला मोडला तर पोस्ट काढली जाते. दुसरा शिफारशीचा, आणि तो जास्त कडक आहे. तो मोडला तर पोस्ट राहते, फॉलोअर्सना दिसते, पण एक्सप्लोर आणि रील्समध्ये अनोळखी लोकांपुढे ठेवली जात नाही.

उदाहरणार्थ, "7 दिवसांत 5 किलो वजन घटवा" असं सांगून चूर्ण विकणारी रील. चमत्कारी आरोग्यदावे शिफारशीला अपात्र ठरतात. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेली रीलही इथेच अडकते.

आधी त्या रीलचे इनसाइट्स उघडा. रील पाहणाऱ्या फॉलोअर्सचा आकडा नेहमीसारखा आणि बाकीच्यांचा जवळपास शून्य असेल, तर शिफारस थांबल्याचा संशय घ्या. दोन्ही पडले असतील तर बहुधा लोकच रील न पाहता पुढे सरकताहेत.

मग सेटिंग्जमध्ये `Account Status` बघा. तिथे काढलेला मजकूर, शिफारस न होणारा मजकूर आणि बंद झालेल्या सुविधा वेगवेगळ्या दिसतात. पहिल्या भागावर हिरवी खूण पाहून परत फिरू नका, तुमचं उत्तर दुसऱ्या भागात आहे. तिथे एखादीच पोस्ट दाखवली आहे की पूर्ण खातं, हे नीट वाचा. खातंच अपात्र असेल तर निर्दोष पोस्टनाही फटका बसतो.

दाखवलेली पोस्ट बदला, काढा किंवा तिथूनच फेरतपासणी मागा. मात्र दावा व्हिडिओतच बोललेला असेल तर फक्त कॅप्शन बदलून भागणार नाही.