मदत हवी आहे: दोन क्षेत्रांच्या मॉडेलमध्ये बायस किती ठेवावा?

नमस्कार. मी ५० हर्ट्झच्या, टाय-लाइनने जोडलेल्या दोन क्षेत्रांचे मॉडेल तयार केले असून, दोन्हींचा वारंवारता-प्रतिसाद प्रत्येकी १००० मेगावॅट प्रति हर्ट्झ आहे.

`ACE = ΔP_tie + B·Δf`

क्षेत्र 'ब'मधील २०० मेगावॅट निर्मिती बंद पडताच वारंवारता ०.१ हर्ट्झने उतरते आणि 'अ'कडून १०० मेगावॅट जादा वीज जाते. 'अ'चा बायस १००० ठेवल्यास एसीई शून्य येतो, जे योग्यच आहे; परंतु ६०० ठेवल्यास तो +४० येतो आणि एजीसी 'अ'मधील निर्मिती घटवून, गव्हर्नरांनी नुकतीच दिलेली मदत ऐन गरजेच्या वेळी काढून घेऊ लागते.

प्रत्यक्षात हा प्रतिसाद भारानुसार आणि चालू संचांनुसार बदलतो. अशा वेळी बायस मोजलेल्या सरासरीइतका ठेवावा, की मुद्दाम थोडा अधिक? अनुभवी मंडळींनी कृपया कारणांसह सांगावे.