मदत हवी आहे: १६ + ८ जीबी आणि १६ जीबी युनिफाइड मेमरी यांची तुलना कशी करावी?

धरमपेठकर:
नागपुरात माझे अंतर्गत सजावटीचे छोटे कार्यालय आहे आणि ग्राहकांना दाखवायची चित्रे आम्ही ब्लेंडरमध्ये सायकल्सवर रेंडर करतो. नव्या लॅपटॉपसाठी दोन पर्याय समोर आहेत. पहिला विंडोजचा असून त्यात १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची स्वतंत्र ८ जीबी मेमरी आहे. दुसरा एम४ चिपचा मॅकबुक असून त्यात १६ जीबी युनिफाइड मेमरी आहे. सीताबर्डीतील एका विक्रेत्याच्या मते पहिल्यात सरळसरळ २४ जीबी मिळतात. शिवाय तिथल्या टास्क मॅनेजरमध्ये `GPU memory` समोर १५.९ जीबी लिहिलेले दिसले. कार्ड ८ जीबीचे असताना हा आकडा कुठून आला आणि यांतले नेमके किती माझ्या कामाला येईल, हे कृपया सांगावे.

वैनगंगा:
युनिफाइडमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात, त्यामुळे माहितीची प्रत इकडून तिकडे न्यावी लागत नाही. दोघांनाही पूर्ण १६ जीबी मिळतात, म्हणजे ते ३२ जीबीच समजा. निःशंकपणे मॅकबुक घ्या.

रामटेकवाला:
प्रत न्यावी लागत नाही हे बरोबर, पण ३२ चा हिशेब चूक आहे. एकाच रांजणातून दोघे पाणी घेत असले तरी रांजण मोठा होत नाही. मॅकओएस, ब्राउझर, ब्लेंडर आणि ग्राफिक्स यांचे सगळे त्या १६ जीबीतच बसवायचे असते. त्यातही १६ जीबीच्या यंत्रावर ग्राफिक्ससाठीची शिफारस केलेली मर्यादा साधारण दोन तृतीयांश, म्हणजे १०.७ जीबीच्या आसपास असते.

विक्रेत्याचे २४ जीबीही तितकेच फसवे आहेत. टेक्स्चर आधी रॅममध्ये उघडले जाते आणि मग त्याची प्रत कार्डावर जाते, त्यामुळे तीच वस्तू दोन्हीकडे जागा अडवते. टास्क मॅनेजरमधील १५.९ जीबी म्हणजे कार्डाचे ८ जीबी आणि `Shared GPU memory` या नावाखाली दाखवलेली तुमच्याच रॅमची जवळपास अर्धी जागा. ती वेगळी मेमरी नव्हे, गरज पडल्यास उसनी घेण्याची कमाल मर्यादा आहे. शिवाय त्या वर्गातील कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे २५६ जीबी वेगाने वाचली जाते, तर रॅमकडे जाणारा पीसीआय एक्स्प्रेसचा मार्ग अशा लॅपटॉपमध्ये बहुधा १६ जीबीच्या आसपासच असतो. म्हणून खरेदीच्या वेळी `Dedicated GPU memory` हाच आकडा पाहावा.

तुमच्या सर्वांत जड फाइलचे रेंडर चालू असताना वर दिसणारा `Peak` आकडा येथे द्यावा. त्यावाचून सल्ला देणे अंदाजपंचे होईल.

गोरेवाडा:
माझ्याही लॅपटॉपमध्ये हाच घोटाळा आहे. ८ जीबी रॅम सांगितली होती, पण सेटिंग्जमध्ये `5.92 GB usable` दिसते. दुकानदाराने हलकी रॅम लावली असावी काय?

रामटेकवाला:
तुमचा प्रश्न वेगळा आहे. स्वतंत्र कार्ड नसल्यास आतल्या ग्राफिक्ससाठी बायोस थोडी रॅम आधीच बाजूला काढून ठेवते आणि तुमच्याकडे बहुधा २ जीबी तशी गेली आहे. काही यंत्रांच्या बायोसमध्ये `UMA Frame Buffer Size` नावाने ती कमी करता येते. तपासण्याआधी दुकानदाराशी भांडू नका.

धरमपेठकर:
एका मंगल कार्यालयाच्या सभागृहाची फाइल तपासली, `Peak` ९.५ जीबी आले. तीत ८के आकाराची १६ टेक्स्चर आहेत, पण डिस्कवर त्यांपैकी एकही फाइल २० एमबीपेक्षा मोठी नाही.

रामटेकवाला:
जेपीजी डिस्कवर दाबलेल्या रूपात असते, मेमरीत उलगडते. ८१९२ × ८१९२ बिंदू, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एक टेक्स्चर २५६ एमबी आणि १६ मिळून ४ जीबी. दूरच्या भिंती व छताची टेक्स्चर ४के केली तर प्रत्येकी ६४ एमबी लागतील. सगळीच केली तर ३ जीबी वाचून फाइल ६.५ वर येईल आणि ८ जीबीच्या कार्डात बसेल. आहे तशी ९.५ ची फाइल मात्र तिथे मावणार नाही. १६ जीबीच्या मॅकबुकमध्ये ती आकड्याने मावेल, पण प्रणालीचे चार-पाच जीबी धरल्यास ब्राउझर उघडताच `Swap Used` वाढू लागेल. शिवाय ती मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून तो पर्याय घ्यायचाच असेल तर २४ जीबीचा घ्यावा.

वैनगंगा:
पण कार्ड भरले की रेंडर बंदच पडते ना?

रामटेकवाला:
नेहमीच नाही. सायकल्स उरलेला भाग रॅममध्ये ठेवून पुढे जाण्याचा प्रयत्न करते. वेग घटतो, तरी बहुधा निव्वळ प्रोसेसरवरील रेंडरपेक्षा ते लवकर होते. रॅमही भरलेली असेल तर मात्र `System is out of GPU and shared host memory` असा संदेश येऊन काम थांबते.

धरमपेठकर:
मग टेक्स्चर कमी न करता, दीड जीबी रॅममध्ये सांडलेले कार्ड जलद की २४ जीबीचे एम४? कुणी अशी एकच फाइल दोन्हींवर चालवून पाहिली असल्यास वेळ कळवावा.